मदत हवी आहे: साम्राज्यवाद, वसाहतवाद, राष्ट्रवाद यातला फरक मुलांना कसा सांगू?

वेंगुर्ल्याची मेघा
घरी नववीच्या पाच पोरांची शिकवणी घेते. काल एकाने विचारलं, टीचर इंग्रज आले तो साम्राज्यवाद की वसाहतवाद? मी दोन्ही म्हणून विषय बदलला, पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. तिन्हीला एकेक उदाहरण सुचवा ना, शक्यतो आपल्याकडचं.

रत्नांग्रीकर
सोप्पंय. साम्राज्यवाद म्हणजे थिबा राजा, इंग्रजांनी 1885 ला ब्रह्मदेशावर स्वारी केली आणि राजाला उचलून आमच्या रत्नागिरीत आणून ठेवला, बिचारा 1916 ला इथेच गेला. वसाहतवाद गोवा. राष्ट्रवाद म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढणं, टिळक. झालं!

निवृत्त मास्तर
थिबा नको, पोरं अजून गोंधळतील. स्वारी साम्राज्यवादी खरी, पण 1886 ला ब्रह्मदेश सरळ इंग्रजी राज्याला जोडला, म्हणजे एकाच गोष्टीत दोन्ही आलं. त्यापेक्षा सावंतवाडी घे. 1819 च्या तहाने कंपनीचं वर्चस्व मान्य केलं, तरी राजा गादीवरच, दरबार चालूच. पण 1838 ला कंपनीला कारभार पटेना तर तिने तो सरळ आपल्या हातात घेतला. गादी राजाची, शेवटचा शब्द दुसऱ्याचा, हा साम्राज्यवाद.
आता बांद्यावरून पलीकडे जा. गोव्यात राजाच नाही, 1510 पासून 1961 पर्यंत गव्हर्नर पोर्तुगालने नेमलेला, कायदाही तिकडचा. ही वसाहत. पोरांना एवढंच विचार, गादीवर कोण आणि हुकूम कुठून?

मालवणी माणूस
पण वसाहत म्हणजे लोक येऊन वसतात ना? पोर्तुगीज असे कितीसे येऊन राहिले? मग ऑस्ट्रेलिया बरं.

निवृत्त मास्तर
शब्दाने फसतो माणूस. ऑस्ट्रेलियात गोरे वसले, गोव्यात मुख्यतः राज्य केलं, दोन्हीला वसाहतच म्हणतात. गंमत म्हणजे 1951 ला पोर्तुगालने कागदावर नाव बदललं, म्हणे ही वसाहत नाहीच, समुद्रापलीकडचा प्रांत. राज्य होतं तसंच.

दोडामार्ग७७
आमचे आजोबा 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीच्या सत्याग्रहात होते, यादीत नाव नाही. अर्ज कुठे करायचा?

वेंगुर्ल्याची मेघा
दादा त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे कोणाच्या लक्षात येणार नाही. मास्तर, राष्ट्रवादाचं राहिलं.

निवृत्त मास्तर
रत्नांग्रीकरांचं अर्धं बरोबर. टिळक चालतील, पण 'इंग्रजांविरुद्ध' ही व्याख्या नव्हे. 18 जून 1946 ला मडगावात लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली, तिथे इंग्रज कुठे होते? आपण एक लोक आहोत, तर राज्यही आपलंच हवं, ही भावना म्हणजे राष्ट्रवाद. समोर कोण ते बदलतं.

रत्नांग्रीकर
मग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार पण म्हणायचाच की गोवा पोर्तुगालचाच भाग, तोही राष्ट्रवाद?

निवृत्त मास्तर
माझ्या मते हो, त्याचा राष्ट्रवाद, वसाहत टिकवायला वापरलेला. काहीजण मानणार नाहीत.

वेंगुर्ल्याची मेघा
झालं, आता त्या पोराने हेच विचारलं तर? उद्या सावंतवाडी, गोवा आणि मडगावची सभा सांगते, सालाझारला पुढच्या आठवड्यावर ढकलते.