मदत हवी आहे: वाहतूक खर्च बजेटपेक्षा ८ लाखांनी जास्त, कारण प्रामाणिकपणे कसे लिहावे?

खतावणी:
नमस्कार. मी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात लेखा विभागात काम करतो. दर तिमाहीला बजेट आणि प्रत्यक्ष खर्च यांतील तफावतीचे कारण प्रत्येक खात्यासाठी चार-पाच वाक्यांत लिहून द्यावे लागते. एप्रिल ते जून या काळात नाशिकच्या ग्राहकाकडे माल पाठवण्यासाठी ३६ लाखांचे बजेट होते आणि खात्यात ४४ लाख पडले. मी असे लिहिले होते: "डिझेलची दरवाढ, वाढलेला व्यवसाय व इतर कारणांमुळे वाहतूक खर्च २२ टक्क्यांनी वाढला आहे." साहेबांनी त्या वाक्याला लाल पेनाने गोल केला आणि खाली एवढेच लिहिले, "मग यावर मी काय करू?"

माहिती अशी आहे. बजेट करताना १२,००० पेट्या, एका गाडीत ३० पेट्या, म्हणजे ४०० फेऱ्या आणि फेरीला ९,००० रुपये धरले होते. प्रत्यक्षात १२,६०० पेट्या गेल्या आणि फेऱ्या ४५० झाल्या. शिवाय मार्चची १,७०,००० रुपयांची बिले एप्रिलमध्ये आली. मार्चअखेर त्यांची तरतूद करायची राहिली होती, त्यामुळे तीही याच खात्यात आहेत. परिच्छेद कसा लिहावा?

आकडेमोडे:
हे सोपे आहे. मार्चची बिले वजा केल्यावर ४२,३०,००० उरतात, त्यांना ४५० ने भागले की सरासरी दर ९,४०० येतो. जास्तीच्या ५० फेऱ्या गुणिले ९,००० म्हणजे ४,५०,००० रुपये फेऱ्या वाढल्याने, आणि ४५० गुणिले ४०० म्हणजे १,८०,००० रुपये दर वाढल्याने. मार्चची बिले धरून बेरीज बरोबर ८ लाख जुळते. व्यवसाय वाढला आणि डिझेल महागले, हे आपले म्हणणे बरोबरच होते. फक्त त्याला आकडे जोडावेत.

टँकरग्रस्त बाणेर:
आमच्या सोसायटीत मी खजिनदार आहे आणि टँकरच्या खर्चाने दर वर्षी हेच होते. मागच्या सर्वसाधारण सभेत "पाणीटंचाईमुळे" एवढे लिहिले, तर एका सभासदाने टंचाई गेल्या वर्षी नव्हती का असे विचारून सभा दोन तास लांबवली. आता आम्ही बजेटच २० टक्के वाढवून धरतो. आपणही पुढच्या वर्षी तसे करावे, म्हणजे लिहायची वेळच येणार नाही.

जुने कॉस्टिंग:
बाणेरकर, खतावणी यांचा प्रश्न झालेल्या खर्चाबद्दल आहे, आणि फुगवलेल्या बजेटात नेमकी तीच माहिती दडते. तुमच्या सभासदाचा प्रश्न मात्र रास्त होता.

आकडेमोडे यांची बेरीज बरोबर आहे, पण त्यावरून काढलेले कारण मला पटत नाही. ९,४०० हा दर भागाकारातून आला आहे. त्या दराचे एक तरी बिल फायलीत सापडते का, ते आधी पाहावे. दर खरोखर वाढला असेल तर तो बहुतेक सगळ्या बिलांवर दिसेल, आणि नसेल तर थोड्याच बिलांवर फार मोठा फरक दिसेल. खतावणी, आपण ४५० फेऱ्यांची यादी दराप्रमाणे लावून पाहा, वाहतूकदाराच्या करारात दर केव्हा बदलतो ते वाचा, आणि गेटवरच्या नोंदवहीतील फेऱ्यांशी बिले जुळवा. जूनच्या काही फेऱ्यांची बिले अजून आली नसतील, तर हे ४४ लाखसुद्धा कमीच असतील.

खतावणी:
यादी लावली. गेटच्या नोंदवहीत ४५० फेऱ्या आहेत, ४३८ ची बिले आली आहेत आणि उरलेल्या १२ फेऱ्यांची तरतूद जूनमध्ये केलेली आहे, त्यामुळे आकडा पूर्ण आहे. पण दराचे चित्र अगदी वेगळे निघाले. ४२० फेऱ्या करारातील ९,००० रुपयांनीच झाल्या आहेत, कारण तो दर सप्टेंबरपर्यंत बांधलेला आहे. उरलेल्या ३० फेऱ्या बाजारातून आणलेल्या गाड्यांच्या असून प्रत्येकीला १५,००० पडले, आणि त्या सगळ्या मे महिन्यातील आहेत. तेव्हा पेंट शॉपची भट्टी ११ दिवस बंद होती. जॉब बाहेरून रंगवून आणले जात होते आणि ग्राहकाची लाइन थांबू नये म्हणून रात्री-अपरात्री जेवढा माल तयार होईल तेवढा मिळेल त्या गाडीने पाठवला. डिझेलने एक रुपयाही वाढवलेला नाही. मी ते सवयीने लिहिले होते, हे कबूल करतो.

जुने कॉस्टिंग:
मग विभागणी बदलते. ६०० पेट्या जास्त गेल्या, त्यांना २० फेऱ्या लागल्या, म्हणजे १,८०,००० रुपये विक्रीमुळे. तातडीच्या ३० फेऱ्यांचे पूर्ण ४,५०,००० भट्टीमुळे, कारण ती चालू असती तर यांतली एकही गाडी लागली नसती. वर आकडेमोडे यांच्याकडेही हेच दोन आकडे आले होते, पण केवळ योगायोगाने आणि उलट्या नावांनी. त्यांची बेरीज जुळली म्हणूनच ही चूक सहज पचली असती. मी परिच्छेद असा लिहीन:

"नाशिक वाहतुकीचा खर्च बजेटपेक्षा ८,००,००० रुपयांनी जास्त झाला. मे महिन्यात पेंट शॉपची भट्टी ११ दिवस बंद असल्याने तातडीच्या ३० गाड्या प्रत्येकी १५,००० रुपयांनी घ्याव्या लागल्या, त्याचे ४,५०,००० रुपये आहेत. विक्री ६०० पेट्यांनी वाढल्यामुळे करारातील दराने २० फेऱ्या जास्त झाल्या, त्याचे १,८०,००० रुपये आहेत. उरलेले १,७०,००० रुपये मार्चच्या बिलांचे असून मार्चअखेर त्यांची तरतूद करण्याचे लेखा विभागाकडून राहून गेले होते. विक्री अशीच राहिली तर १,८०,००० रुपयांची वाढ पुढील तिमाहीतही दिसेल. मार्चच्या बिलांचा भाग पुन्हा येणार नाही, आणि भट्टी पुन्हा बंद पडली नाही तर तातडीच्या गाड्यांचाही येणार नाही."

स्वतःच्या विभागाची चूक त्यात असू द्यावी. ती गाळून पेंट शॉपची तेवढी लिहिली, तर पुढच्या वेळी कोणी खरी माहिती देणार नाही.

आकडेमोडे:
बिले न पाहता डिझेल लिहिले, हे माझे चुकले. पण आता दुरुस्ती खातेही पाहावे. भट्टीची वार्षिक देखभाल याच काळात होती का?

खतावणी:
होती. ती एप्रिलमध्ये ठरली होती आणि उत्पादनाच्या घाईमुळे जुलैवर गेली. त्यामुळे दुरुस्ती खात्यात १,६०,००० रुपये बजेटपेक्षा कमी दिसत आहेत आणि तिथे मी "खर्चात बचत" असे लिहून ठेवले आहे!

आकडेमोडे:
मग स्पष्ट लिहावे की १,६०,००० वाचवण्यासाठी ४,५०,००० घालवले.

जुने कॉस्टिंग:
"बचत" हा शब्द आजच काढा. ते काम जुलैत होणार आहे, म्हणजे खर्च फक्त पुढे गेला आहे. पण आकडेमोडे म्हणतात ते वाक्य मी एवढ्यात लिहिणार नाही. भट्टीत नेमके काय बिघडले आणि तो भाग वार्षिक देखभालीत तपासला जातो का, हे कळल्याशिवाय देखभाल टळल्यामुळे भट्टी बंद पडली असे म्हणणे म्हणजे डिझेलचीच पुनरावृत्ती आहे. दुरुस्ती खात्याखाली एवढेच लिहा की एप्रिलची देखभाल जुलैवर गेली असून हा खर्च त्या तिमाहीत येईल, आणि मेमधील बंदचा खर्च वाहतूक खात्यात दाखवला आहे. दोन्ही तारखा शेजारी आल्या की वाचणारा स्वतःच विचारेल.

आकडेमोडे:
वाचणाऱ्याला सुचवायचे आणि आपण बोलायचे नाही, हेही मला पुरते प्रामाणिक वाटत नाही.

खतावणी:
देखभाल विभागाकडे बिघाडाचा अहवाल मागितला आहे. पंखा अडकला एवढेच तोंडी कळले. उत्पादन प्रमुखांना मसुदा दाखवला तेव्हा त्यांनी "भट्टी बंद" ऐवजी "तांत्रिक अडचण" घालायला सांगितले. मी नकार दिला, मात्र त्यांनी मागणी केली म्हणून बाहेरून रंगवून घेण्याची बिलेही त्यांच्यासमोर उघडली आणि ती वाहतुकीत नसून जॉबवर्क खात्यात आहेत हे तेव्हा लक्षात आले. त्या खात्याखालीही मी "वाढलेला व्यवसाय" असेच लिहिले होते. आज संध्याकाळी ते पुन्हा लिहायला बसतो.