अनुभव धागा: शाळेची फी – एफडी की आरडी?

वर्षाची फी साधारण ६०,००० रुपये, जूनमध्ये एकरकमी भरायची. ती आरडीने जमवावी की एफडीने? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी नेमके आकडे आणि खाचाखोचा लिहा. 'बचत हवीच' वगैरे नको, ते माहीत आहे.

हिशेबी
आधी एक गैरसमज काढू. ७ टक्क्यांनी ६०,००० ची वर्षाची एफडी केली तर तिमाही चक्रवाढीने व्याज येतं सुमारे ४,३१२. त्याच दराने दरमहा ५,००० ची बारा हप्त्यांची आरडी केली तर येतं सुमारे २,३११. हे बघून लोक म्हणतात आरडीत बँक लुबाडते. तसं नाही. पहिला हप्ता बारा महिने राहतो, शेवटचा एकच महिना. सरासरी काढली तर प्रत्येक रुपया साडेसहा महिनेच बँकेत असतो. म्हणून निवड व्याजावरून करूच नका. पैसे आज हातात आहेत की दर महिन्याच्या पगारातून यायचे आहेत, एवढंच बघा.

तिखटमीठ
मग दर महिन्याला ५,००० ची एक-एक एफडी करत जायची! दर तोच आणि बंधन नाही. आरडीची गरजच काय?

काउंटरपलीकडची
बंधन नाही हे खरं, पण दर तोच नाही. सगळ्या एफडी जूनलाच संपायला हव्यात, म्हणजे पहिली १२ महिन्यांची, दुसरी ११ ची आणि शेवटची फक्त एका महिन्याची होणार. कमी मुदतीचा दर बहुतेक बँकांत बराच खाली असतो. आरडीत शेवटच्या महिनाभराच्या हप्त्यालाही वर्षाचा दर मिळतो आणि तो पहिल्या दिवशीच ठरलेला असतो. मध्ये दर घसरले तरी तुमचा बदलत नाही. (वाढले तरी नाही, हेही आलंच.)

आता खाचा. बारा हप्त्यांची आरडी ५ जूनला उघडली तर ती पुढच्या ५ जूनला संपते, शेवटचा हप्ता मेमध्ये जातो. फीची शेवटची तारीख १० जून असेल तर मध्ये पाचच दिवस उरतात. एखादा हप्ता चुकला तर दंड बसतो आणि काही बँकांत मुदतही पुढे सरकते, मग रक्कम फीनंतर हातात येते. म्हणून ती मेच्या पहिल्या आठवड्यातच उघडा. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची ठेवा. पगाराच्याच दिवशी ठेवली आणि पगार संध्याकाळी जमा झाला, तर सकाळीच खात्यात शिल्लक नाही म्हणून हप्ता परत जातो.

दोनपोरांचा
मुलीच्याच नावाने आरडी काढली तर व्याजावर कर लागणार नाही ना?

हिशेबी
धागा वेगळा आहे, पण थोडक्यात: अज्ञान मुलाचं व्याज ज्या पालकाचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. नावाने फरक पडत नाही. आरडीच्या व्याजावर टीडीएस नसतो हेही जुनं झालं. २०१५ पासून तोही एफडीसारखाच धरतात.

पोस्टाचं दार
पोस्टाच्या आरडीबद्दल सावध करतो. ती ६० महिन्यांची असते. मुदतीआधी बंद करायची तर तीन वर्षं थांबावं लागतं आणि व्याज साध्या बचत खात्याच्या दराने मिळतं. दरवर्षीच्या फीसाठी ती चुकीची जागा. पाच वर्षांनी येणाऱ्या मोठ्या प्रवेशखर्चासाठी ठीक.

काउंटरपलीकडची
बोनससारखी रक्कम एकदम हातात असेल तर एफडीच. पण एकच नको. समजा फी तीन हप्त्यांत आहे: जूनला २४,०००, ऑक्टोबरला १८,००० आणि जानेवारीला १८,०००. तर तीन वेगळ्या एफडी करा, प्रत्येकीची मुदत त्या हप्त्याच्या आठवडाभर आधी संपेल अशी. एकच ६०,००० ची केली आणि जूनला मोडावी लागली, तर व्याज ठरलेल्या दराने मिळत नाही. पैसे जितके दिवस राहिले त्या मुदतीचा दर लावतात आणि त्यातून बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का दंडाचा कापतात.

आणि ऑटो रिन्युअल बंद करा! फॉर्मवर ती खूण बहुधा आधीच केलेली असते. एफडी २ जूनला संपते, त्याच दिवशी आपोआप पुन्हा वर्षभरासाठी लागते आणि १० तारखेला फी भरायला गेल्यावर ते कळतं.

तिखटमीठ
मोडण्याऐवजी एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्यावा की. दहा-पंधरा दिवसांचंच तर व्याज.

हिशेबी
पंधरा दिवसांचा प्रश्न असेल तर बरोबर. दर एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो, तेवढ्याने बिघडत नाही. तीन-चार महिने चालणार असेल तर दोन्ही बाजू कागदावर मांडूनच ठरवा. उरलेली मुदत किती, यावर उत्तर बदलतं.

दोनपोरांचा
आणि शाळेने मध्येच फी वाढवली तर? चालू आरडीचा हप्ता वाढवता येतो का?

काउंटरपलीकडची
साध्या आरडीत नाही. वाढलेल्या रकमेसाठी दुसरी छोटी आरडी, उरलेल्या महिन्यांची. सहा महिन्यांपेक्षा कमी उरले असतील तर ती बहुतेक बँका उघडतच नाहीत, मग ते पैसे बचत खात्यातच.