मदत हवी आहे: आई झोपेची गोळी घेते, रात्री बाथरूमला जाताना दोनदा पडली

मेघना_सातारा: आई ७६ वर्षांची आहे. क्लोनाझेपाम ०.५ बरीच वर्षं चालू आहे. पाय सुजतात म्हणून लघवी होण्याची फ्युरोसेमाइडची गोळीही आहे. दोन्ही गोळ्या ती संध्याकाळी सातला जेवणाबरोबर घेते, मग साडेनऊपर्यंत टीव्ही. साडेअकरा आणि एकच्या सुमारास लघवीला उठते. महिन्यात दोनदा पडली, दोन्ही वेळा पलंगापासून दोन पावलांवर. एकदा तर मच्छरदाणीची कड पायात अडकलेली होती. झोपेची गोळी उशिरा दिली तर फरक पडेल का?

बापू६१: संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद करा आणि ती गोळीही आजपासून बंद. आमच्याकडे जायफळ घालून दूध देतात.

सुहास_फार्मसी: बापू, झोपण्याआधीचे दोन तास चहा-पाणी कमी ठेवणं ठीक आहे. पण पाचपासून कोरडं ठेवलं तर बीपी उतरून उठताना जास्तच चक्कर येईल. आणि वर्षानुवर्षांची क्लोनाझेपाम एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. ती डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

मेघनाताई, मला आधी खटकते ती लघवीची गोळी. तिचा जोर साधारण सहा तास असतो. सातला घेतली म्हणजे एकपर्यंत, नेमक्या त्यांच्या उठण्याच्या वेळा. ती सकाळी किंवा दुपारी घेता येईल का, डॉक्टरांना विचारा. झोपेची गोळी सातला घेऊन टीव्ही बघत बसणं चुकीचंच. लघवी करून, अंथरुणाला पाठ टेकायच्या वेळी घ्यायची. मात्र क्लोनाझेपाम दिवसभराहून जास्त अंगात राहते. नुसती वेळ बदलून रात्रीचा तोल सुधारणार नाही. डोस कमी करण्याबद्दलही विचारा.

नीला_पनवेल: माझ्या सासऱ्यांना प्रोस्टेट आहे, ते आता पलंगाशेजारी युरिन पॉट वापरतात. तुम्हीही तेच करा ना.

मेघना_सातारा: आईला पॉट जमणार नाही हो. कमोड खुर्ची चालेल, पण खोलीत नको म्हणते. लाज वाटते तिला.

सुहास_फार्मसी: रात्रीपुरती ठेवा, सकाळी उचला. मागचे पाय भिंतीला टेकवा, म्हणजे बसताना सरकणार नाही. मच्छरदाणी ती उतरते त्या बाजूला गादीखाली खोचा, जमिनीवर लोळू देऊ नका. पायपुसणं काढून टाका. दिवा जमिनीलगत हवा, पावलं पडतात तिथे उजेड पाडणारा. उठल्यावर पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, मगच उभं राहायचं. आणि झोपून व उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी बीपी मोजा. वरचा आकडा वीसने किंवा जास्त उतरला तर तो कागद डॉक्टरांना दाखवा.

मेघना_सातारा: आत्ताच मोजलं. झोपून १४२, उभं राहून एका मिनिटाला ११६, तीनला १२०. उद्या सकाळीच दवाखान्यात नेते. खुर्चीला मात्र ती अजून तयार नाही. आज मी तिच्याच खोलीत झोपतेय.