क्रीम कलर सगळ्याच टाइल्सवर चालते म्हणे!

मूळ पोस्ट: "फरशी बदलता येत नाही म्हणून रडू नका. भिंतीला डोळे झाकून क्रीम मारा, कोणत्याही टाइल्सवर चालते."

दारव्हेकर: डोळे झाकूनच मारला होता भाऊ, म्हणून लिहितो. आमच्या बैठकीत दोन बाय दोनच्या बिस्किट कलरच्या टाइल्स, दुकानदारानं क्रीमच म्हटलं होतं. भिंतीला क्रीम मारला तं भिंत हळद लागलेल्या नवरदेवावानी अन् फरशी गुलाबी दिसाले लागली. मग वहीचा कोरा कागद फरशीवर ठेवून पाहिला, तेव्हा समजलं का ती बिस्किट नाहीच, गुलाबी झाक आहे, अन् शेजारी पिवळं आलं का ती आणखीनच उठते. दुसऱ्या खेपेला पुठ्ठ्यावर दोन हात मारले, वाळल्यावर फरशीला टेकवून भिंतीला उभा ठेवला, सकाळ-दुपार-रात्र दोन दिवस पाह्यला. किंचित लालसर राखाडी झाकेचा पांढरा बसला.

संत्राबाग: एवढा कुटाणा काहून? टाइलचा तुकडा दुकानात न्या, मशीनवर सेम टु सेम शेड काढून देते.

दारव्हेकर: झाक तीच पाह्यजे, गडदपणा तोच नाही. सेम मारला तं खोली चिखलात बसल्यावानी दिसते.

मायाताई: आमच्याकडे कोटा आहे, हिरवट. ते काळे डाग कशानं जातील?

संत्राबाग: ताई, इथं रंगाचं चालू आहे 😀

मायाताई: मंग रंगाचंच सांगते. आमच्या सासूबाई चुन्यात नीळ टाकत, त्या निळसर पांढऱ्यात कोटा मस्त दिसे. पोरानं पुट्टी केली, दोन पावसाळ्यात पापुद्रे.

गावपेंटर: पुट्टीले दोष देऊ नका. काळ्या मातीतलं घर, ओल खालून चढते, भिंत तडकते. त्यात जुना चुना न खरवडता पुट्टी मारली असंन.

मायाताई: खरवडला होता! पैसे घेताना तं कोणी ओलीचं बोललं नाही.

गावपेंटर: मी नव्हतो तो 🙏

संत्राबाग: चुना अंगाले लागते, पांढरे कपडे घालूनच टेका म्हणा.

मायाताई: पापुद्रे ताटात पडण्यापेक्षा बरं.

गावपेंटर: बरं दारव्हेकर भाऊ, तुमचं पुठ्ठ्याचं पटलं, पण रात्री कोणता बल्ब लावून पाह्यला? पांढऱ्या एलईडीत निळसर दिसते, पिवळ्यात क्रीम. अन् शेडकार्डापेक्षा चार भिंतींवर रंग गडदच वाटते, एकमेकींवर परतते ना.

दारव्हेकर: पांढरा. पिवळा लावून पाह्यलाच नाही.

संत्राबाग: मानलं बाप्पा, पुठ्ठा आणतो. पण बायकोले क्रीमच पाह्यजे, तिले कोण सांगन?