अनुभव धागा : दुपारी साडेतीनचे इंग्रजी वाक्य

गोदाकाठ : काल कॉलेज रोडवरच्या आमच्या दाराशी डिलिव्हरीचा मुलगा फोनकडे बघत घुटमळत होता, तेव्हा इंदिरानगरच्या अकरा रायडर मुलांसाठी मी चालवलेला व्हॉट्सअ‍ॅप गट आठवला. जेवणाच्या ऑर्डरी ओसरल्या की, साडेतीनला, मी कामाचे एक इंग्रजी वाक्य आणि त्याचा वीस सेकंदांचा आवाज पाठवत असे. सगळे अंगठा दाखवत, पण दोन दिवसांनी विचारले तर कोणालाच काही सांगता येत नसे. 'डोन्ट रिंग द बेल' शिकलेल्या एका मुलाने बेल वाजवली आणि आतले तान्हे बाळ उठले, कारण त्याची नजर ओळखीच्या 'रिंग' आणि 'बेल'वरच थांबली होती. मग मी आधी नुसती सूचना पाठवून 'बेल वाजवाल का?' असे विचारू लागलो, आणि मुलांची उत्तरे आल्यावरच अर्थ सांगू लागलो. तेच वाक्य दुसऱ्या, चौथ्या आणि दहाव्या दिवशी थोडे बदलून पुन्हा येत असे. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

सातपूरची मीनल : मी आमच्या गोदामातल्या मुलांना रोज पाच वाक्ये पाठवत होते, कारण वाक्ये जास्त तितकी तयारी लवकर, असे मला अजूनही वाटते. मात्र शनिवारी सोमवारचे एकही वाक्य कोणाच्या तोंडी नसे, हेही खरे आहे.

फाट्यावरचा : मी स्वतः पाथर्डी फाट्यावरून ऑर्डरी उचलतो. माझी अडचण वाचण्यापेक्षा ऐकण्याची होती. ताई फोनवर 'फ्लॅट थर्टीन' म्हणाल्या आणि मी तीस नंबरची बेल वाजवली. नंतर अशाच एका संदेशातून 'वन-थ्री ऑर थ्री-झीरो?' असे विचारायला शिकलो, आणि त्याच संध्याकाळी ते कामी आले. विंगही आता मी 'डी फॉर दिल्ली?' अशी पक्की करून घेतो.

सविता_पंचवटी : माझ्या भाच्याची अंबडला मुलाखत आहे, त्याला या गटात घेता येईल का?

गोदाकाठ : सविताताई, ही वाक्ये दारावरची आणि फोनवरची आहेत, मुलाखतीला ती पुरणार नाहीत.

जुना शिक्षक : मीनलताई, जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले बरेचसे पहिल्या दिवसातच विसरले जाते, म्हणून पाच नव्या वाक्यांपेक्षा एक नवे आणि दोन जुनी हे प्रमाण मला योग्य वाटते. गोदाकाठ, तुमचे प्रश्न आधी विचारणे योग्यच, पण ग्राहक घाईत 'नो बेल प्लीज' किंवा 'बेबी स्लीपिंग' एवढेच लिहितात. नकाराची ही रूपे एकाच आठवड्यात शिकवावीत, आणि ती रोमन अक्षरांत दाखवावीत, कारण फोनवर सूचना रोमनमध्येच येते.

फाट्यावरचा : सर, आमच्यातल्या दोघांना रोमन अजिबात वाचता येत नाही. देवनागरी नसती, तर त्यांनी पहिल्याच दिवशी गट सोडला असता.

गोदाकाठ : मी दोन्ही लिप्या एकाखाली एक देऊन पाहिल्या होत्या, तेव्हा सगळे देवनागरीच वाचत आणि वरची रोमन ओळ तशीच राहत असे. यावर कोणी वेगळे काही करून पाहिले असेल, तर अवश्य लिहावे.