[मंडळ-यादी] विषय: डाव्या अंगठ्याने फोनचं क्विक पॅनल उघडत नाही, शनिवारच्या आत हवंय

वैजयंती, मंगळवार रात्री

नमस्कार मंडळी,

हाताची चौकशी करणारे फोन खूप येऊन गेले, सगळ्यांचे आभार. प्लॅस्टर आहे, सहा आठवडे राहील. आता कामाचं. शनिवारी हळदीकुंकवाला दारावर मीच आहे. एका डाव्या हाताने फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्याने टॉर्च, हॉटस्पॉट आणि डू नॉट डिस्टर्ब चालू-बंद करायचं आहे. तळघरातल्या हॉलच्या जिन्यावर मागच्या वेळी काय अंधार होता ते आठवत असेलच.

फोन गॅलक्सी आहे. मोठ्या अपडेटनंतर वरचा पडदा दोन तुकड्यांत झालाय. डावीकडून ओढलं की नोटिफिकेशन येतात आणि बटणं फक्त उजव्या कोपऱ्यातून ओढल्यावरच. डाव्या अंगठ्याला तो कोपरा म्हणजे फोनचं सगळ्यात लांबचं टोक. ताणून पोचायला गेले की फोन तळहातातून सुटायला लागतो. कोणाला उपाय माहीत आहे का?

सुहास, मंगळवार रात्री

वैजयंतीताई, सोपं आहे. जीबोर्डमध्ये कीबोर्ड एका बाजूला सरकवायची सोय आहे. स्वल्पविराम दाबून धरा, एका हाताचं चिन्ह येईल, त्यावर सरकवा. मी गो ट्रेनमध्ये उभं राहून रोज तसंच टाईप करतो.

मृणाल, बुधवार सकाळी

सुहासदादा, ताई टाईप करायचं विचारतच नाहीयेत.

ताई, दोन बोटं एकदम वरून खाली ओढलीत की सगळी बटणं थेट उघडतात, मधला टप्पा लागत नाही. माझ्या पिक्सेलवर रोजची सवय आहे.

वैजयंती, बुधवार सकाळी

मृणाल, दोन बोटं आणू कुठून? बाकीची चारही फोन धरण्यात अडकली आहेत. आणि तुझा पिक्सेल आहे, माझा नाही.

अरविंदकाका, बुधवार दुपारी

वैजयंती,

हा पडदा दोन तुकड्यांत झाला तो वन यूआय 7 पासून. नव्या फोनमध्ये मुळातच तसा येतो, पण बदलता येतो. क्रमाने सांगतो. पहिली पायरी फोन टेबलावर ठेवून कर, कारण पेन्सिलीचं चिन्ह पुन्हा त्याच वरच्या भागात असतं.

बटणांचं पॅनल उघड, पेन्सिल दाब, मग `Panel settings`. तिथे `Separate` आणि `Together` असे दोन पर्याय आहेत. `Together` निवड. आता पडदा कुठूनही ओढलास तरी आधी नोटिफिकेशन आणि त्यांच्यावर थोडी बटणं दिसतील. आणखी एकदा खाली ओढलं की पूर्ण पॅनल. उजव्या कोपऱ्याचं बंधन गेलं.

दुसरं, होम स्क्रीनवरची मोकळी जागा दाबून धर, `Settings` मध्ये जा आणि `Swipe down for notification panel` चालू कर. मग होम स्क्रीनच्या मधोमध अंगठा खाली ओढला तरी पडदा येतो, वरच्या कडेपर्यंत जावंच लागत नाही. हे फक्त होम स्क्रीनवर चालतं हे लक्षात ठेव. नोंदणीचा फॉर्म किंवा व्हॉट्सॲप उघडं असेल तर तोच अंगठा पान सरकवेल. आधी खालून वर सरकवून होमवर यायचं, मग पडदा ओढायचा. दारावर गर्दी असताना ही एक जादा हालचाल नडते, म्हणून तिसरा उपाय संध्याकाळी लिहितो.

नीलिमा, बुधवार दुपारी

काका, `Separate` ठेवूनही चालतं की. डावीकडून नोटिफिकेशन उघडायची आणि पडद्यावरच आडवं सरकवायचं, बटणांचं पॅनल येतं. माझा फोन पहिल्या दिवसापासून तसाच आहे आणि दोन्ही गोष्टी वेगळ्या असल्यामुळे डोक्याला त्रास नाही. एकत्र केलं की नोटिफिकेशन वाचताना अंगठा चुकून टॉर्चवर पडतो.

अरविंदकाका, बुधवार संध्याकाळी

नीलिमा, आडवं सरकवणं बरोबर आहे, पण ते मोकळ्या जागेवर करावं लागतं. बोट एखाद्या नोटिफिकेशनवर पडलं की पॅनल बदलायच्या ऐवजी ती नोटिफिकेशन उडते. शनिवारी वैजयंतीच्या फोनवर मंडळाच्या गटाचे इतके संदेश येतील की मोकळी जागा फारशी उरणारच नाही. दोन्ही हात मोकळे असतील तर तुझी पद्धत उत्तम, माझ्या मुलीची तशीच आहे. इथे `Together` हवं.

उडालेल्या नोटिफिकेशन परत पाहायची सोय आधीच चालू करून ठेव: `Settings` मध्ये `Notifications`, मग `Advanced settings`, मग `Notification history`. चालू करायच्या आधीचं त्यात काहीच मिळत नाही, म्हणून शनिवारची वाट पाहू नकोस. पडद्याच्या तळाशी `Clear` असतं आणि एका हाताने धरल्यावर अंगठा नेमका तिथेच टेकतो. सगळं एकदम पुसलं जाण्याचे प्रकार तिथूनच होतात.

आता तिसरा उपाय. गॅलक्सी स्टोअरमधून `One Hand Operation +` घे, सॅमसंगचंच आहे. ते स्क्रीनच्या कडेला एक बारीक पट्टी देतं. तुला डावी पट्टी चालू आणि उजवी बंद. पट्टीवरून आडवं, तिरकं वर आणि तिरकं खाली अशा तीन दिशांना अंगठा ओढता येतो आणि प्रत्येकीला वेगळं काम देता येतं. आडव्याला `Back` च राहू दे, नाहीतर कडेवरून मागे जायची रोजची सवय मोडेल. तिरकं खाली याला क्विक पॅनल उघडायचं काम दे. मग कुठल्याही ॲपमध्ये असलीस तरी अंगठा कडेवरून तिरका खाली आणला की बटणं समोर.

पट्टीची उंची आणि जागाही ठरवता येते. पूर्ण लांबीची ठेवू नकोस, अंगठा सहज टेकतो तेवढाच मधला भाग पुरे. पट्टी फार रुंद केलीस तर यादी सरकवताना अंगठा तिच्यावर पडून भलतंच उघडतं. तसं व्हायला लागलं की पट्टी अरुंद कर, ॲप काढून टाकू नकोस.

सुहास, बुधवार रात्री

एवढं कशाला? `Advanced features` मध्ये `One-handed mode` आहे. तळाच्या कडेवर मधोमध खाली सरकवलं की सगळी स्क्रीन लहान होऊन कोपऱ्यात येते.

अरविंदकाका, बुधवार रात्री

ते आहेच सुहास, आणि पडदाही त्या लहान स्क्रीनमध्येच उघडतो, म्हणजे पोचायचा प्रश्न सुटतो. पण अक्षरं लहान होतात, बटणं लहान होतात, आणि उजव्या कोपऱ्यात गेली तर बाण दाबून डावीकडे आणावी लागते. कधीमधी ठीक. दर माणसामागे करायला नको.

मृणाल, बुधवार रात्री

पिक्सेलवर याच नावाची सोय वेगळी चालते, स्क्रीन लहान न होता अर्धी खाली येते. `System`, `Gestures`, `One-handed mode`. तिथे स्क्रीन खाली ओढायच्या ऐवजी थेट नोटिफिकेशनचा पडदा उघडायचंही निवडता येतं. मी तेच निवडलंय. अंगठा तळाच्या कडेवर खाली सरकवला की वरचा पडदा येतो. यादीवर पिक्सेलवाले बरेच आहेत, त्यांच्यासाठी लिहिलं.

काका, बटणांच्या क्रमाबद्दल बोला ना. माझ्याकडे अँड्रॉइड 15 आहे, एका ओढीत चार बटणं दिसतात, दोन-दोनच्या दोन ओळी. डावखुऱ्यांनी कुठलं कुठे ठेवायचं?

अरविंदकाका, गुरुवार सकाळी

मृणाल, तुझ्या फोनवर बटणं डावीकडून उजवीकडे भरत जातात. पहिलं डावं, दुसरं उजवं, तिसरं डावं, चौथं उजवं. म्हणजे डावा स्तंभ हवा असेल तर लागणारी बटणं पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या जागेवर यायला हवीत. लोक टॉर्च पहिला आणि हॉटस्पॉट दुसरा ठेवतात आणि दुसरा लांब पडतो म्हणून वैतागतात. उजव्या हाताने धरणाऱ्यांनी याच्या उलट करायचं.

यात एक ओढाताण आहेच. पहिल्या ओळीतलं बटण एकाच ओढीत दिसतं, पण ते सगळ्यात उंचावर असतं. खालच्या ओळी अंगठ्याच्या जवळ, पण त्यांना दुसरी ओढ लागते. घाईत लागणारं पहिल्या चारांत ठेवावं, सावकाशीचं खाली. टॉर्च घाईचा, हॉटस्पॉट सावकाशीचा.

वैजयंती, तुझ्याकडे पूर्ण पॅनल एका तिरक्या ओढीत येणार, त्यामुळे उलट कर. पेन्सिल दाबून बटणांच्या गठ्ठ्याचं `Edit` उघड आणि टॉर्च, हॉटस्पॉट, डू नॉट डिस्टर्ब तिन्ही डावीकडच्या स्तंभात, दिसणाऱ्या खालच्या ओळींत आण. बदलायच्या आधी आत्ताच्या मांडणीचा स्क्रीनशॉट काढून ठेव, प्लॅस्टर निघाल्यावर परत लावायला उपयोगी पडेल. विमानाचं बटण टॉर्चच्या शेजारी अजिबात नको. तिरका अंगठा थोडा घसरला की नेटवर्क जातं आणि हॉटस्पॉटही त्याच क्षणी निरुपयोगी. तसं झालं तर वरच्या पट्टीत विमानाचं चिन्ह दिसेल, आधी तेच बघ.

प्रकाश (खजिनदार), गुरुवार दुपारी

नमस्कार. हॉटस्पॉटचा उल्लेख वारंवार येतोय म्हणून लिहितो. नोंदणीचा टॅबलेट खजिनदाराच्या फोनवरून चालेल असं गणपतीनंतरच्या बैठकीत ठरलं होतं. पैशांच्या नोंदी त्यावर असतात. दारावरच्या फोनला जोडायचा निर्णय कोणी घेतला?

वैजयंती, गुरुवार दुपारी

प्रकाशदादा, निर्णय कोणी घेतलेला नाही. दिवाळीला तुमचा फोन तुमच्यासोबत वरच्या मजल्यावर गेला आणि खाली टॅबलेट बंद पडून वीसेक माणसं रांगेत उभी राहिली, म्हणून मला बटण हाताशी हवंय. तुम्ही पूर्ण वेळ दारावर थांबणार असाल तर मी हॉटस्पॉट लावणारच नाही.

नीलिमा, गुरुवार संध्याकाळी

हॉलचं वायफाय वापरा ना, भाड्यात धरलेलं आहे.

प्रकाश, गुरुवार संध्याकाळी

नीलिमा, ते वायफाय तळघरात पोचत नाही.

वैजयंती, गुरुवार रात्री

काका, तिन्ही करून पाहिलं. `Together` लावलं. डावी पट्टी अर्ध्या उंचीची ठेवली आणि तिरकं खाली ओढलं की पॅनल येतं, फॉर्म उघडा असतानाही. टॉर्च आणि हॉटस्पॉट न पाहता दाबता येताहेत. डू नॉट डिस्टर्ब मात्र काढून टाकलं, कारण ते लावलं की दारावरून कोणी फोन केला तर मला कळणारच नाही. त्याऐवजी मंडळाच्या गटाची नोटिफिकेशन दाबून धरून `Silent` केली. आता फोन वाजतो, गट गप्प राहतो.

एक अडचण उरली आहे. जाड कव्हर कडेला उचललेलं आहे, त्यामुळे पट्टी कधी पकडते, कधी नाही.

अरविंदकाका, गुरुवार रात्री

पट्टीची रुंदी थोडी वाढवून बघ. मी अरुंद म्हटलं होतं ते सपाट कडेच्या कव्हरसाठी. तरी नाही जमलं तर शनिवारपुरतं कव्हर काढ आणि फोनला मनगटाची दोरी लाव. एका हाताने जिना उतरताना ती हवीच.

प्रकाश, शुक्रवार सकाळी

वैजयंती, मी साडेपाच ते सात दारावर आहे, नंतर आरती आणि हिशेब. सातनंतर तुझा हॉटस्पॉट लाव. नाव आणि पासवर्ड आज रात्रीपर्यंत मला वेगळ्या मेलने पाठव, यादीवर नको. टॅबलेटमध्ये दोन्ही आधीच भरून ठेवतो.