मदत हवी आहे: रिस्पेरिडोन, वाढलेलं प्रोलॅक्टिन आणि मिस्टरांचा त्रास

नमस्कार. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. मिस्टर स्किझोफ्रेनियासाठी रिस्पेरिडोन ४ मिग्रॅ घेतात. आवाज ऐकू येणं थांबलंय, नोकरीही नीट चालू आहे. पण इच्छा जवळपास गेली आहे, ताठरता टिकत नाही आणि छातीलाही थोडी सूज वाटते. त्यांना लाज वाटते, म्हणून मीच लिहितेय.

फॅमिली डॉक्टरांनी प्रोलॅक्टिन हे हार्मोन तपासलं तर ६८ आलं. लॅबची पुरुषांसाठीची मर्यादा १५ च्या आसपास आहे. त्यांनी समजावलं, की मेंदूतलं डोपामिन प्रोलॅक्टिनला आवर घालतं आणि हे औषध डोपामिनच अडवतं. प्रोलॅक्टिन वाढलं की टेस्टोस्टेरॉन कमी होऊ शकतं. ताणानेही आकडा थोडा चढतो, म्हणून सकाळी शांत बसून पुन्हा तपासायचं आहे. सोबत टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड आणि शुगर. डोकेदुखी किंवा नजरेचा त्रास असेल तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआयही लागू शकतो, असं ते म्हणाले.

मिस्टर म्हणतात, गोळीच बंद करतो. मला त्याचीच धास्ती आहे, कारण मागे गोळ्या सुटल्यावर आजार उलटला होता.

पुढच्या आठवड्यात सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जायचंय. डोस कमी करणं, हळूहळू अ‍ॅरिपिप्राझोल या दुसऱ्या औषधावर जाणं, की तेच थोडं जोडून बघणं, यातलं कोणाच्या घरी काय झालं? अ‍ॅरिपिप्राझोल सुरू केल्यावर बेचैनी किंवा जुनी लक्षणं आली का? आणि हा विषय नवऱ्यासमोर डॉक्टरांकडे कसा काढलात, तेही सांगा.